कास्टिंगचा पुरवठादार : उशिराची नोंद, ब्लोहोलचे नमुने आणि तिमाही बैठकीचे पत्र

प्रश्न : आमचा भोसरीत पंप बनवण्याचा लहान कारखाना आहे. पंपाची केसिंग आम्ही कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून बारा वर्षे घेतो. गेल्या काही महिन्यांत माल वेळेवर येत नाही आणि मशीनिंग केल्यावर ब्लोहोल, म्हणजे आत दडलेली छिद्रे, निघतात. फोनवर सांगितले की दोन आठवडे बरे जातात, पुन्हा तेच. संबंध तोडायचे नाहीत. लेखी अभिप्राय कसा द्यावा आणि दर तीन महिन्यांनी बैठक घेण्याचा विषय कसा काढावा?

उत्तर :

मी पुणे परिसरातील एका यंत्रनिर्मिती कारखान्यात अनेक वर्षे खरेदी विभाग सांभाळला आणि त्यात कोल्हापूरच्या फाउंड्र्यांशी रोजचा संबंध आला. आपल्यासारखेच एक प्रकरण माझ्याकडे होते. माल ग्रे आयर्नची पंप केसिंग, वजन सुमारे २२ किलो, आठवड्याला १०० नगांची एक खेप. त्याच प्रकरणाच्या आधारे सांगतो, कारण त्यातून मला एक गोष्ट कळली जी आधी कळली असती तर माझे पहिले पत्र मी पाठवलेच नसते : उशीर आणि खराबी या दोन तक्रारी बऱ्याचदा एकाच कारणाच्या असतात आणि त्या कारणाचा काही भाग आपल्याच कार्यालयात असतो.

पहिल्या पत्रात मी लिहिले होते की जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील १३ खेपांपैकी ७ उशिरा आल्या, म्हणजे वेळेवर आलेल्या खेपा ४६ टक्केच, आणि रिजेक्शन ७ टक्के झाले. आकडे आमच्या रजिस्टरमधून घेतलेले होते. फाउंड्रीच्या मालकांनी उत्तर दिले नाही. चार दिवसांनी त्यांच्या मुलाने फोन करून एवढेच विचारले की साहेब, ही नोटीस समजायची का? कोल्हापूरकडे जुन्या व्यवहारात आधी बोलणे न करता लेटरहेडवरचे पत्र पाठवले की त्याचा अर्थ व्यवहार संपत आला असाच घेतला जातो. मी त्यांना पत्र बाजूला ठेवायला सांगितले आणि पुढच्या आठवड्यात दोघांनी आपापली कागदपत्रे समोरासमोर लावायची असे ठरले. त्या एका दुपारी माझे निम्मे आकडे मोडीत निघाले.

सुरुवात उशिराच्या आकड्यापासून. आमच्या संगणकातील उशीर जीआरएनच्या, म्हणजे तपासणीनंतर माल जमा करून घेतल्याच्या नोंदीच्या, तारखेवरून मोजला जात होता. सातपैकी दोन खेपा शनिवारी संध्याकाळी गेटवर आल्या होत्या, गेट एन्ट्रीच्या वहीत तशी नोंद होती, पण तपासनीस सुटीवर असल्याने जीआरएन मंगळवारी झाले. त्या दोन खेपा फाउंड्रीच्या दृष्टीने वेळेवर होत्या आणि खरोखर वेळेवरच होत्या. आणखी दोन खेपांची तारीख आम्हीच अलीकडे ओढली होती. शेड्यूल बदलायचे असेल तर दहा दिवस आधी कळवायचे असे आमच्यात ठरलेले असताना आमच्या नियोजन विभागाने चार दिवस आधी फोन केला होता. उरल्या तीन. त्या मात्र अनुक्रमे ४, ६ आणि ९ दिवस उशिरा आल्या होत्या आणि त्याबद्दल फाउंड्रीकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आमच्या घाईच्या दोन खेपा वेगळ्या रकान्यात काढल्या तर ११ पैकी ८ खेपा वेळेवर, म्हणजे सुमारे ७३ टक्के. हा आकडाही चांगला नाही. परंतु ४६ टक्के ऐकल्यावर माणूस भांडायला उठतो आणि ७३ टक्के ऐकल्यावर त्या तीन खेपांबद्दल बोलायला बसतो, एवढा फरक त्यात आहे.

म्हणून लेखी काही देण्याआधी कोणती तारीख धरायची हे नक्की करा. गेल्या तिमाहीतील प्रत्येक खेपेसमोर चार तारखा लिहा : मूळ शेड्यूलची तारीख, बदललेली तारीख आणि ती कधी कळवली ती तारीख, आणि गेट एन्ट्रीची तारीख. जीआरएनची तारीख यात घेऊच नका, ती तुमच्या तपासणी विभागाचा वेग सांगते. त्याचबरोबर परचेस ऑर्डरवर दर एक्स-वर्क्स, म्हणजे फाउंड्रीच्या दारातला, आहे की माल तुमच्या गेटपर्यंत पोहोचवण्यासह आहे ते पाहा. दर एक्स-वर्क्स असेल आणि ट्रान्सपोर्ट तुम्ही ठरवलेला असेल, तर फाउंड्रीची जबाबदारी माल ट्रान्सपोर्टवाल्याच्या ताब्यात देण्यापर्यंतच आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने गाडी भरेपर्यंत माल कोल्हापूरच्या गोदामात दोन दिवस ठेवला तर तो उशीर फाउंड्रीच्या नावावर लिहिता येणार नाही. अशा वेळी चलनावरील तारीख हीच मोजणीची तारीख धरावी लागते. कमी नग आलेली खेपही वेगळी दाखवा. शंभर मागवून ऐंशी वेळेवर आले तर वेळ पाळली असे कागदावर दिसते आणि तुमची असेंब्ली लाइन मात्र थांबते.

आता खराबीकडे. आमच्याकडे त्या तिमाहीत आलेल्या १३०० नगांपैकी ९१ नाकारले गेले होते. एकेक नग पाहिल्यावर असे दिसले की त्यातील १९ नगांत बोअर आमच्याच मशीनवर मापाबाहेर गेला होता आणि ते रिजेक्शनच्या ढिगात तसेच मिसळले गेले होते. ७२ नग फाउंड्रीच्या दोषाचे होते : १४ नगांत साच्यात पोकळीसाठी बसवलेला वाळूचा कोअर सरकल्याने भिंत एका बाजूला पातळ झाली होती आणि ५८ नगांत फ्लँजच्या तोंडावर ब्लोहोल होती. म्हणजे फाउंड्रीचे रिजेक्शन साडेपाच टक्के, सात नव्हे. ही वर्गवारी खरेदी विभागाने टेबलावर बसून करायची नसते. ढिगाजवळ उभे राहून, टर्नरला आणि तपासनिसाला सोबत घेऊन करायची असते.

येथे थोडे थांबतो, कारण ब्लोहोल हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. मशीनिंगनंतर दिसणारे प्रत्येक छिद्र ब्लोहोल नसते आणि फाउंड्रीवाल्याला चुकीचे नाव सांगितले तर तो चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करतो. वायूमुळे झालेले ब्लोहोल आतून गुळगुळीत असते, गोलसर असते, पुष्कळदा चकाकते, आणि ते बहुधा साच्यात वरच्या बाजूला असलेल्या भागात, कातडीच्या जरा खाली सापडते. त्यामुळे कास्टिंग येते तेव्हा ते दिसत नाही. तीन मिलिमीटरचा काप घेतला की उघडे पडते. आकुंचनाची पोकळी आतून खडबडीत, स्पंजासारखी असते आणि ती जाड भागात किंवा दोन भिंतींच्या जोडाजवळ मिळते. तिचा संबंध थंड होताना जादा धातू पुरवणाऱ्या रायझरशी आणि एकूण धातू पुरवण्याच्या रचनेशी असतो. वाळूचा कण अडकून झालेला खड्डा वेडावाकडा असतो आणि त्यात वाळू चिकटलेली दिसते. पहिल्या प्रकारात ओलावा आणि वायू शोधायचा, दुसऱ्यात साचा घडवणारा पॅटर्न आणि रायझर, तिसऱ्यात साच्याची बांधणी आणि सफाई. आम्ही पाच नग करवतीने कापले, छिद्रे आतून पाहिली, फ्लँजवर घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा मार्करने लिहिल्या आणि तेच पाच तुकडे परतीच्या गाडीने पाठवून दिले. क्वालिटी सुधारावी अशा वाक्याने जे महिनोन्‌महिने झाले नव्हते ते त्या पाच तुकड्यांनी झाले : ४७ छिद्रे बारा ते दोनच्या दरम्यान, साच्यातील वरच्या बाजूला होती, हे त्यांच्या मोल्डिंगच्या सुपरवायझरने पाहताक्षणी ओळखले.

दुसरी गोष्ट हीट नंबरची, म्हणजे एका वेळच्या ओतकामाला दिलेल्या क्रमांकाची. कास्टिंगवर हीट कोड उठलेला असेल आणि तुमच्या रिजेक्शनच्या नोंदीत तो लिहिलेला असेल, तरच कोणत्या दिवसाच्या ओतकामात दोष होता हे कळते. आमच्याकडे कोड होता पण नोंद अर्धवट होती, म्हणून आम्ही खेपेनुसार मोजले. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच्या पाच खेपांत, म्हणजे ५०० नगांत, ४१ ब्लोहोलचे नग होते. उरलेल्या आठ खेपांतील ८०० नगांत १७ होते. एकीकडे ८ टक्क्यांहून जास्त आणि दुसरीकडे जेमतेम २ टक्के. आणि ज्या तीन खेपा खऱ्या अर्थाने उशिरा आल्या होत्या, त्या तिन्ही ऑगस्टच्या होत्या.

हा योगायोग नव्हता. केसिंगच्या आतील पोकळीसाठी लागणारा कोअर ती फाउंड्री सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइड पद्धतीने बनवत असे. हा कोअर हवेतील ओलावा ओढून घेतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो बनवल्यावर लवकर वापरला नाही तर त्यातील ओलाव्याची वितळलेल्या लोखंडाशी गाठ पडताच वाफ होते आणि ती धातूत अडकते. मग कोअर पडून का राहिले? कारण आम्ही त्या महिन्यात शेड्यूल तीनदा बदलले होते. त्यांनी आमच्या केसिंगचे कोअर करून ठेवले, आम्ही सांगितले की आधी दुसरे मॉडेल पाठवा, त्यांनी पॅटर्न बदलला आणि आमचे कोअर चार-पाच दिवस रॅकवर राहिले. नंतर तेच कोअर साच्यात गेले. त्यातील काही कास्टिंग त्यांच्या फेटलिंगमध्येच, म्हणजे ओतकामानंतरच्या साफसफाईतच, बाद झाली, म्हणून शंभर नग भरेनात, म्हणून खेप लांबली. आणि जी चांगली दिसली ती आमच्याकडे येऊन मशीनवर उघडी पडली. उशीर आणि ब्लोहोल एकाच रॅकवरून आले होते. हे सगळे तीन महिने फोनवर बोलून कोणाला कळले नव्हते, कारण त्यांची कोअर शॉप आणि आमचा नियोजन विभाग एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. तिमाही बैठकीचा उपयोग मला तेव्हा पटला, त्याआधी मीही तिला चहा-बिस्किटांचा कार्यक्रम समजत होतो.

आपली बाजू तपासताना पैशाचा रकाना विसरू नका. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने केलेल्या बदलामुळे मुदतीबाहेर राहिलेल्या अशा देण्याची वजावट आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. तुम्ही ७० दिवसांनी पैसे देत असाल आणि पत्रात चार दिवसांच्या उशिराबद्दल लिहीत असाल, तर समोरचा माणूस पत्र वाचून काय म्हणेल हे सांगायला नको. पिग आयर्न आणि स्क्रॅप त्याला बहुधा रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर घ्यावे लागते.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद खरेदीवाल्यांना फारशी माहीत नसते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर पैसे देण्याच्या मुदतीसाठी तो माल मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला असे धरले जाते. लेखी हरकत घेतली असेल तर पुरवठादाराने ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी होते. म्हणून तीन महिन्यांनी द्यायचा अभिप्राय हा खेपेनिहाय हरकतीचा पर्याय होऊ शकत नाही. आमच्याकडे कास्टिंग तीन-तीन आठवडे यार्डात पडून राहत आणि ब्लोहोल सापडेपर्यंत १५ दिवस उलटून जात. आम्ही पुढे असा नियम केला की खेप आल्यापासून तीन दिवसांत कोणत्याही दहा केसिंगच्या फ्लँजवर पहिला काप घ्यायचा आणि दोष निघाल्यास त्याच दिवशी फोटोसह ई-मेल पाठवायचा. या तपासणीवर फार विसंबू नका. खेपेत आठ टक्के दोष असतानाही दहा नगांत तो सापडण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच अधिक असते. दहा चांगले निघाले म्हणजे शंभर चांगले असे होत नाही. पण वाईट आठवडा सुरू झाला आहे हे महिनाभर आधी कळते.

एवढी तयारी झाली की फोन करा. मालकांशी स्वतः बोला, पत्र येणार आहे हे सांगा, त्यात काय आहे हे सांगा आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या असतील तर त्या बैठकीला आणायला सांगा. मग पत्र पाठवा. आमचे दुसरे पत्र साधारण असे होते :

“मा. महोदय, सप्रेम नमस्कार. दूरध्वनीवर बोलल्याप्रमाणे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतील केसिंगच्या पुरवठ्याची माहिती सोबतच्या दोन तक्त्यांत पाठवीत आहोत. या काळात १३ खेपा आल्या. त्यांपैकी दोन खेपांची तारीख आम्ही ठरलेल्या दहा दिवसांपेक्षा कमी मुदतीत बदलली होती, त्यामुळे त्या या मोजणीत धरलेल्या नाहीत. उरलेल्या ११ खेपांपैकी ८ वेळेवर मिळाल्या. ३ खेपा ४, ६ आणि ९ दिवस उशिरा मिळाल्या आणि त्यामुळे आमची असेंब्ली दोन वेळा थांबवावी लागली. गेट एन्ट्रीची तारीख हा मोजणीचा आधार आहे. आपल्या नोंदीत फरक असल्यास कृपया कळवावे.

तपासणी आणि मशीनिंग मिळून ७२ नग कास्टिंगच्या दोषामुळे नाकारावे लागले. त्यांतील ५८ नगांत फ्लँजवर वायूची छिद्रे आहेत आणि १४ नगांत कोअर सरकलेला आहे. आमच्या मशीनिंगच्या चुकीने बाद झालेले १९ नग यात धरलेले नाहीत. छिद्रांपैकी ४१ नग जुलैअखेर ते ऑगस्ट या काळातील पाच खेपांतील आहेत. कापलेले पाच नमुने पाठवले आहेत. ते आपल्या मोल्डिंग आणि कोअर विभागाने पाहावेत, ही विनंती.

ऑगस्टमध्ये आमच्याकडून शेड्यूल तीन वेळा बदलले गेले, हे आम्हाला मान्य आहे. त्याचा आपल्या कामावर काय परिणाम झाला हे समजून घ्यायचे आहे.

यापुढे प्रत्येक तिमाही संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी एकत्र बसावे, असे सुचवितो. पहिली बैठक आपल्याकडे घ्यावी, म्हणजे कोअर आणि मोल्डिंगचे काम पाहता येईल. आमच्याकडून खरेदी, नियोजन आणि गुणवत्ता विभागाचा प्रत्येकी एक जण येईल. आपल्याकडून आपण स्वतः आणि उत्पादन व कोअर विभागाचे प्रमुख असावेत. आमच्याबद्दलच्या आपल्या अडचणींनी बैठकीची सुरुवात व्हावी. आपल्या सोयीची तारीख कळवावी.”

या पत्रात काय नाही तेही पाहा. इतर फाउंड्रीशी तुलना नाही, ऑर्डर कमी करण्याचा इशारा नाही आणि नुकसानीच्या वसुलीसाठी काढायच्या डेबिट नोटचा उल्लेख नाही. डेबिट नोट वेगळ्या कागदाने, वेगळ्या दिवशी आणि शक्यतो लेखा विभागाच्या सहीने जावी. आकड्यांच्या पत्राला वसुली जोडली की समोरचा माणूस आकडे मान्य करायलाच तयार होत नाही, कारण मान्य केले की पैसे गेले. आमच्या ६१ नगांचा दोष मशीनिंगनंतर कळला होता आणि नगामागे ३४० रुपये मशीनिंग धरले तर २०,७४० रुपयांचे काम वाया गेले होते. आमच्या लेखा विभागाला ते लगेच वसूल करायचे होते. मी ते थांबवले आणि बैठकीत पुढील तिमाहीपासूनचा नियम ठरवला : २ टक्क्यांपर्यंत नाकारलेल्या कास्टिंगचीच भरपाई, त्यावरच्या नगांसाठी वाया गेलेले मशीनिंगही फाउंड्रीने द्यायचे. जुन्या तिमाहीला तो लावला नाही. माझ्या वरिष्ठांना ते आवडले नव्हते.

एकत्रित गुण देण्याची पद्धतही मी पत्रात वापरत नाही. वेळेला पन्नास, गुणवत्तेला पन्नास असे धरून शंभरपैकी ७४ गुण असा शेरा पुष्कळ कंपन्या पाठवतात. त्यातून फाउंड्रीला उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही आणि वेळेवर पाठवलेली सदोष खेपही गुण वाढवून जाते.

बैठकीबद्दल थोडे. दीड तास पुरतो, त्याआधी अर्धा तास शॉपमध्ये फिरायचे. तक्ते पाच दिवस आधी पोहोचले पाहिजेत, बैठकीत आकड्यांवरून वाद होता कामा नये. तारीख ठरवताना तिमाहीनंतरचा दुसरा आठवडा हा सर्वसाधारण नियम ठेवा, पण ऑक्टोबरची बैठक दिवाळीच्या आठवड्यात येत असेल तर पुढे-मागे करा. त्या दिवसांत मोल्डिंगचे कामगार गावी जातात आणि मालक उरलेल्या माणसांत भट्टी चालवण्याच्या विवंचनेत असतात. जागा आलटून पालटून घ्या. एक बैठक फाउंड्रीत, पुढची तुमच्याकडे. त्यांचा कोअर विभागाचा प्रमुख तुमच्या लेथजवळ उभा राहून फ्लँजवर काप चालताना आणि छिद्र उघडे पडताना पाहतो, याला कोणताही अहवाल पर्याय ठरत नाही.

कार्यवृत्त एका पानाचे असावे आणि त्यात तीनपेक्षा अधिक कामे नसावीत. प्रत्येक कामासमोर माणसाचे नाव आणि तारीख. आमच्या पहिल्या बैठकीत तीनच ठरली. आमच्या बाजूने, दहा दिवसांच्या आतील शेड्यूल गोठवायचे आणि ते बदलायचे असेल तर नियोजन विभागाऐवजी मी स्वतः फोन करायचा. त्यांच्या बाजूने, प्रत्येक कोअरच्या ट्रेवर बनवल्याची तारीख आणि वेळ खडूने लिहायची, पावसाळ्यात २४ तासांवरचा कोअर न वापरता मोडायचा. आणि दोघांनी मिळून, रिजेक्शनच्या प्रत्येक नगाचा हीट कोड नोंदवायचा.

उपाय खरा आहे की कागदी, हे ओळखण्याची माझी खूण सांगतो. सुधारणेच्या अहवालात ‘कामगारांना सूचना दिल्या’ किंवा ‘तपासणी वाढवली’ असे लिहिलेले असेल तर काहीही बदललेले नाही असे समजावे. शॉपमध्ये उभे राहून डोळ्यांनी दिसेल असा बदल मागा. ट्रेवरची खडूची तारीख मी पुढच्या भेटीत न सांगता पाहिली. नऊ ट्रेंपैकी सातवर होती. दोनवर का नव्हती यावरच त्या दिवशीची चर्चा झाली आणि ती उपयोगी ठरली.

तिमाही बैठक कशासाठी नाही हेही ध्यानात ठेवा. आज लाइन बंद पडण्याची वेळ आली असेल तर तीन महिन्यांची वाट पाहायची नसते. त्यासाठी दर सोमवारी दहा मिनिटांचा शेड्यूलचा फोन वेगळा हवा. आणि प्रत्येक पुरवठादारासाठी असली बैठक घेऊ नका. बोल्ट, गास्केट, पॅकिंग यांसारखा बाजारात कोठेही मिळणारा माल असेल तर आकड्यांचा तक्ता ई-मेलने पाठवणे पुरेसे आहे. ज्याचा पॅटर्न तुमचा आहे आणि ज्याला बदलायचे म्हटले तर नमुने, मंजुरी आणि चाचण्या यांत कित्येक महिने जातील, अशा तीन-चार जणांपुरतीच ती ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणीच येत नाही.

आकडे सुधारले की लगेच समाधान मानू नका, विशेषतः पावसाळ्यानंतर. आमच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीत ब्लोहोल एकदम कमी झाली आणि बैठकीत सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले. त्यातला बराच भाग कोरड्या हवेचा होता. खरी तुलना पुढच्या जुलै ते सप्टेंबरशी करायची होती. ती केली तेव्हा १३०० नगांत ब्लोहोलचे २१ नग निघाले, आदल्या पावसाळ्यात ५८ होते, आणि त्या २१ पैकी १२ एकाच आठवड्यातील होते. त्या आठवड्यात शेड्यूल आम्ही बदलले होते, आणि फोन मी केला नव्हता.